दाराला दिलेली नोटीस

ठाकुर्लीच्या ठमाबाईनं आयुष्यात किती नवऱ्या उंबरठ्यावरून आत घेतल्या असतील, याचा हिशेब तिला स्वतःला नव्हता. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाऊन सगळा विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. ती नसेल तर मांडव घालून उपयोग काय? कोपरपासून पार खाडीच्या काठापर्यंत कुठंही लग्न निघालं की आधी ठमाबाईकडं सुपारी यायची. साठी उलटली, पुढचे दोन दात गेले, पण आवाज असा खणखणीत, की मांडवात ती उभी राहिली म्हणजे वाजंत्रीवाले मुकाट बसायचे.

अशा बाईच्या स्वतःच्या घराचं पुढचं दार बंद पडलं, आणि तेही धाकट्या पोराच्या लग्नाच्या तोंडावर. आता बोला!

झालं ते असं. वैशाखाचे दिवस होते. नवरा आनंदा आणि धाकटा नाथा दोघेही खाडीपलीकडच्या आगरावर. मिठाचा हंगाम म्हणजे पाऊस पडेपर्यंत बापयांनी, म्हणजे घरच्या पुरुषांनी, तिकडंच राहायचं, तिकडंच रांधून खायचं. घरात एकटी ठमाबाई. ती नाथाच्या हळदीसाठी तांदूळ पाखडत बसली होती, तोच दारात एक कारकून आणि एक पट्टेवाला येऊन उभे राहिले. कारकुनाच्या डोक्याला पागोटं, काखेत दप्तर.

"आनंदा राघो कोण?" कारकुनानं विचारलं.

ठमाबाईनं उठून दाराशी येत पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती म्हणाली, "आगरावर गेल्यात."

"घरात दुसरा कोणी पुरुष माणूस?"

"नाय. मुलगा पन तिकरंच हाय. काय असंल तं मना सांगा ना."

कारकुनानं तिच्याकडं एकदा पाहिलं, पट्टेवाल्याकडं एकदा पाहिलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्याच्या खालच्या अंगाला टाकानं दोन ओळी लिहिल्या. पट्टेवाल्यानं पुढं होऊन दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. ठमाबाई आत, ते दोघे बाहेर. बाहेरून कुंचल्यानं खळ लावल्याचा आवाज आला, मग तळहातानं थापटल्याचा. मग पावलं निघून गेली.

ठमाबाई आतल्या आत खुळ्यागत बघत राहिली. दार उघडायला हात लावणार, तर फटीतून दिसलं, की कागद दोन्ही फळ्यांवर आडवा चिकटवलाय. फळी ओढली की कागद फाटणार. तिनं हात मागं घेतला, परसदारानं बाहेर पडून घराला वळसा घातला आणि स्वतःच्याच दारासमोर परक्यासारखी येऊन उभी राहिली.

मोठा थोरला कागद. वर राणीसरकारचा छाप, त्यात दोन जनावरं मागच्या पायांवर उभी. खाली छापील अक्षरं, मधे मधे हातानं लिहिलेली. सगळं इंग्रजी. बघता बघता निम्मा गाव गोळा झाला. शेजारची बायजा तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगो बाय, काय केलास गो तू?"

"तांदूळ पाखडलं, आनखी काय!" ठमाबाई खेकसली.

गावचा पोलीस पाटील गुणाजी आला. कमरेवर हात ठेवून त्यानं कागद वरपासून खालपर्यंत असा न्याहाळला, जणू सगळं समजलंय. त्यातलं त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो तसं कबूल करेल तर गुणाजी कसला? तो म्हणाला, "ह्यो सील हाय. कल्यानच्या बाजारान त्या तेलवाल्याचे घरावर जप्ती आलती ना, तवा असाच कागद डकवलेला. कुनी फारला तं हातान बेड्या. दाराला हात लावायचा नाय कुनी."

त्या तेलवाल्याचा कागद कुलपावर होता आणि त्याचं घर सावकारानं कोर्टातून जप्त केलं होतं, ही गोष्ट गुणाजीच्या डोक्यातच आली नाही. गावानं ऐकलं आणि मानलं. सरकारी कागद म्हणजे आपल्या लोकांना देवाच्या अंगाऱ्यासारखा. तो वाचायचा नसतो, त्याला भ्यायचं असतं.

त्या दिवसापासून ठमाबाई परसदारानं येऊ-जाऊ लागली. पाणी परसदारानं, सरपण परसदारानं. एवढ्यानं तिचं काही बिघडलं नसतं. पण नाथाचं लग्न ठरलेलं, पत्रिका जमलेली, कोपरची शालू नवरी व्हायची होती. नवरी काय परसदारानं आत घ्यायची? जिथून शेण-पाणी बाहेर जातं तिथून? गावोगावच्या सुना पुढच्या दारानं आत घेणाऱ्या धवलारणीनं स्वतःची सून शेणपाण्याच्या वाटेनं घरात आणायची? कोपरला ही बातमी गेली असणार, हे तिला ठाऊक होतं. लग्न मोडलं असा निरोप येतोय का, म्हणून ती दिवसभर रस्त्याकडं डोळे लावून बसायची.

निरोप मिळाला तसा नाथा आगरावरून धावत आला. जवान पोर, खारानं पाय फाटलेले. कागद बघून तो म्हणाला, "आये, फारू का?"

"हात लावलास तं माझं मेलेलं तोंड बघशील!" ठमाबाई किंचाळली.

मग नाथानं डोकं चालवलं. कागद तिथून हलवायचा नाही ना? मग अक्षरं हलवू. त्यानं एक फळकूट घेतलं, कोळसा घेतला आणि कागदासमोर उकिडवा बसून एकेक अक्षर बघून काढायला लागला. उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसला होता बिचारा. ते फळकूट डोक्यावर घेऊन तो कल्याणला गेला, त्रिंबकराव टिपणीस वकिलांच्या घरी. वकिलांनी फळकूट सरळ धरलं, उलटं धरलं, आडवं धरलं.

"अरे, हे काय आहे?"

"इंग्रजी हाय, रावसाहेब."

"इंग्रजांनासुद्धा हे कळायचं नाही," वकील म्हणाले. "मूळ कागद आण."

"कागद दारावं हाय."

"मग दार काढून आण!"

नाथाचा चेहरा एवढासा झाला. पण वकिलांच्या अंगणात त्या दिवशी भलताच प्रकार चालला होता. मुंबईहून त्यांचे स्नेही दिनानाथ धैर्यवान आले होते. हे गृहस्थ फोटोग्राफ काढायचे. तीन पायांवर उभी लाकडी पेटी, पेटीला काचेचा डोळा, आणि समोर खुर्चीत वकिलांचे म्हातारे वडील पगडी घालून श्वास रोखून बसलेले. नाथानं आदल्या दिवशी काढलेला एक फोटोग्राफ भिंतीशी ठेवलेला पाहिला. त्यात म्हातारे होतेच, शिवाय त्यांच्या हातातली पोथी होती, आणि पोथीवरची अक्षरं! वाचता येत नव्हतं तरी नाथाला कळलं, की ही अक्षरं कुणी कोळशानं काढलेली नाहीत.

तो भीत भीत म्हणाला, "रावसाहेब, ह्या पेटीन आमचं दार येईल का?"

टिपणीस हसले, पण धैर्यवान हसले नाहीत. ते म्हणाले, "का नाही येणार? मला नाही तरी खाडीचं चित्र घ्यायचं आहे. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून ती पेटी ठाकुर्लीत आली. गावात असा कोणी राहिला नाही जो ठमाबाईच्या अंगणात आला नाही. गुणाजी पाटील अंगणाच्या टोकाला, गरज पडली तर पळता येईल अशा बेतानं उभा होता. धैर्यवानांनी पेटी मांडली, वर काळं फडकं टाकलं आणि फडक्यात डोकं घातलं. बायका कुजबुजल्या. बराच वेळ झाला तरी डोकं बाहेर येईना. ठमाबाईला राहवेना. ती जवळ जाऊन म्हणाली, "आत काय हाय?"

"बघायचंय? या बाई, इकडं या."

तिनं पदर सावरला, मनात देवाचं नाव घेतलं आणि काळ्या फडक्यात शिरली. आत अंधार. त्या अंधारात एका दुधी काचेवर तिचं घर होतं. उलटं! कौलं खाली, जोतं वर, दार डोक्यावर उभं, आणि त्या दारावर तो कागदसुद्धा, पांढरा, उलटा. अंगणातली कोंबडी आभाळातून चालत होती. ठमाबाई ओरडली नाही. आख्खं घर, वाशांसकट, कागदासकट, हातभर काचेत मावलं होतं, आणि कोंबडी चालली की काचेतली कोंबडीपण चालत होती. डोळ्यांत पाणी आलं तशी ती बाहेर आली.

"घर उलटं झालंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"काचेत उलटं दिसतं. कागदावर सरळ येईल," धैर्यवान म्हणाले. "आता दाराशेजारी उभ्या राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. माणूस शेजारी असलं की दार केवढं ते कळतं."

ती उभी राहिली. कारकून आला तेव्हा ज्या जागी उभी होती तिथंच, फक्त आज बाहेरून. धैर्यवानांनी काचेच्या डोळ्यावरचं टोपण काढलं, तोंडानं काही मोजलं, टोपण लावलं. झालं! मग पेटी ओटीवर आणली, अगदी कागदाच्या तोंडाशी, आणि नुसत्या कागदाची दुसरी काच घेतली. सरकारच्या कागदाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही आणि तरी त्याची अक्षरं पेटीत गेली, हे पाहून गुणाजी पाटलानं हळूच कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी ठमाबाई नाथाबरोबर चालत कल्याणला आली. आनंदाही आगरावरून तिथंच आला होता. अबोल म्हातारा, अंगणात येऊन खांबाशी टेकून बसला. वकिलांच्या अंगणात ऊन रणरणत होतं. धैर्यवानांनी एका चौकटीत काच घातली, काचेखाली कोरा कागद घातला आणि चौकट उन्हात ठेवली.

"हे काय करता?" ठमाबाईनं विचारलं.

"आता सूर्य लिहील," ते म्हणाले.

मधून मधून ते चौकटीची मागची बाजू उघडून कागदाचं टोक उचलून बघत. ठमाबाई शेजारी उकिडवी बसलेली. आधी नुसता फिकट डाग. मग डागाच्या कडा झाल्या. मग जांभळट रेघा, आणि रेघांची अक्षरं झाली. कुणी टाक धरला नाही, कुणी शाई लावली नाही. वैशाखाचं ऊन, ज्यात ती आयुष्यभर मिरच्या वाळवत आली, ते ऊन इंग्रजी लिहीत होतं! तिनं उन्हाला हात जोडले. कुणी हसलं नाही. धैर्यवानांनी दोन्ही काचांचे कागद आत नेऊन कसल्याशा पाण्यात धुतले, नाही तर ऊन लिहितच राहिलं असतं आणि सगळं काळं झालं असतं, असं त्यांनी समजावलं.

संध्याकाळी टिपणीस वकील ओटीवर बसले, चष्मा लावला आणि नोटिशीचा फोटोग्राफ हातात घेतला. घरचे सगळे भोवती. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. ठमाबाई पुढं सरकली.

"जप्ती?" तिनं विचारलं.

"कसली जप्ती! अगं, तुझं दार कुणीही बंद केलेलं नाही. सील नाही, जप्ती नाही, काही नाही. ही नुसती नोटीस आहे. नोटीस म्हणजे कळवणं."

"मंग दाराला का डकवली?"

"सांगतो. सगळं सांगतो, नीट ऐक." वकिलांनी फोटोग्राफ तिच्यासमोर धरला आणि बोट ठेवत चालले. "हे बघ, इथं नाव आहे. आनंदा राघो, मौजे ठाकुर्ली." ठमाबाईनं पदर पुढं घेतला. "सरकारनं नवा कायदा केलाय, इन्कमट्याक्सचा. म्हणजे व्यापार, नोकरी, धंदा यातून माणसाला वर्षाला जी प्राप्ती होते, तिच्यातला थोडा वाटा सरकारला द्यायचा. जमिनीच्या साऱ्याशी त्याचा संबंध नाही. गरिबाला तो लागतच नाही, बरी प्राप्ती असेल त्यालाच लागतो. पण सरकारच्या मते तुझा नवरा भाताचा मोठा व्यापारी आहे. वर्षाची प्राप्ती दोन हजार रुपये. रुपयामागं पाच पै प्रमाणं कर झाला बावन्न रुपये आणि वर थोडे."

खांबाशी बसलेला आनंदा पहिल्यांदाच बोलला. "दोन हजार? आमी?" आणि तो जे हसला ते खोकला येईपर्यंत हसत राहिला.

"पुढं ऐक," वकील म्हणाले. "हा कर अमुक तारखेच्या आत खजिन्यात भरा. नाही भरला तर दंड होईल, कराच्या दुप्पट इतकासुद्धा होऊ शकतो. आणि हे सगळं चूक आहे असं तुमचं म्हणणं असेल तर त्याच मुदतीत कलेक्टर साहेबाकडं अर्ज करा. साहेब बोलावील, ऐकून घेईल, मग ठरवील. एवढंच यात आहे. भ्यायचं काही नाही. पण..." त्यांनी चष्मा काढला. "मुदत उद्या संपते."

नाथा ताडकन उभा राहिला.

"इतके दिवस कागद दारावर होता आणि तुम्ही परसातनं ये-जा करत बसलात," वकील जरा चिडूनच म्हणाले. "हा कागद तुम्ही काढून वाचावा म्हणून लावतात. तुम्ही त्याची पूजा मांडलीत!"

ठमाबाईनं मान खाली घातली. पण दुसऱ्याच क्षणी तिनं ती वर केली. "पन रावसाहेब, माझ्या हातान का नाय दिला? मी उभी होती. तांदूळ पाखरीत होती. त्यांनी मना बघितला, माझ्याशी बोलले. मंग?"

टिपणीसांनी पुन्हा चष्मा लावला. त्यांनी फोटोग्राफच्या तळाशी बोट ठेवलं, जिथं कारकुनानं गुडघ्यावर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या होत्या. ते म्हणाले, "इथं लिहिलंय बघ. घरात सज्ञान पुरुष मिळाला नाही, म्हणून नोटीस बाहेरच्या दाराला लावली. कायदाच तसा आहे. ज्याच्या नावाची त्याला द्यावी. तो नसेल तर त्याच्या घरातल्या मोठ्या पुरुषाला द्यावी. तोही नसेल तर दाराला लावावी. दाराला लावली की पोचली असं धरतात."

"बाईला नाय देत?"

"बाईला दिलेली पोचली असं धरत नाहीत."

"आनी दाराला दिलेली?"

"ती धरतात."

ठमाबाईनं फोटोग्राफ स्वतःच्या हातात घेतला. मग तिनं विचारलं, "त्यातलं दार कुठलं?" वकिलांनी दाखवलं. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं, त्याचं रूप डोळ्यात भरून घेतलं आणि पदर खोचला. "अर्ज लिहा," ती म्हणाली.

वकिलांनी विचारायला सुरुवात केली. भात कुणाचं? स्वतःच्या शेतातलं. दुकान आहे? नाही. गाळा, पाल, बाजारात बसायची जागा? काही नाही. मग सरकारनं व्यापारी का धरलं? दिवाळीनंतर दारासमोर भाताच्या गाड्यांची रांग लागते, नाथा म्हणाला. कुणीतरी ती रांग मोजून गेलाय म्हणून तर हे सगळं रामायण! ठमाबाई म्हणाली, तराजू गावात एकच आहे, तिच्या सासऱ्यानं केलेला, ओटीवरच्या वाशाला टांगलेला. आख्खं गाव आपापलं भात तिच्या अंगणात आणून मापतं आणि आपलं आपण विकतं. मापायचे पैसे? छे! पानसुपारी, तीसुद्धा कुणी दिली तर.

वकिलांचा चेहरा उजळला. "मग कायदा तुमच्या बाजूनं आहे. शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेला माल दुकान न मांडता विकला, तर त्या प्राप्तीवर हा कर नाही. असं कायद्यातच लिहिलंय."

अर्ज झाला. आनंदानं खाली नांगराची निशाणी केली, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच अर्ज दाखल झाला. साहेब तेव्हा कल्याणलाच मुक्कामाला होता, म्हणून तारीखही लवकर मिळाली, लग्नाच्या आदल्या दिवसाची. घरी परतल्यावर ठमाबाईनं कोमट पाण्यात फडकं भिजवून कागद भिजवला, नखानं कड सोडवली आणि आख्खा, न फाटता, काढून घेतला. दोन्ही फळ्या ढकलल्या. दार कुरकुरत उघडलं. बायजानं डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. वीज पडली नाही, बेड्या आल्या नाहीत. गुणाजी पाटील म्हणाला, "मी बोलतच होतो." आणि त्यावर बायजानं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण कोपरच्या मंडळींनी निरोप धाडलाच होता. साहेबाचा निकाल लागू दे, मग नवरी पाठवू. दंडाखाली बुडालेल्या घरात पोर कशी द्यायची? त्यांचंही चुकत नव्हतं.

तारखेला आनंदा गेला, नाथा गेला, टिपणीस वकील होते. ठमाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली आणि कचेरीच्या दाराशी उभी राहिली. गोरा साहेब अडखळत का होईना, मराठी बोलत होता. त्यानं आनंदाला विचारलं, पोलीस पाटील म्हणून गुणाजीला विचारलं. गुणाजी घामानं थबथबला होता, पण तराजूचं, गाड्यांचं खरं तेच बोलला. मग टिपणीसांनी घराचा फोटोग्राफ पुढं ठेवला.

साहेब बराच वेळ बघत राहिला. त्यात दुकान नव्हतं. शेणानं सारवलेली ओटी, वाशाला टांगलेला जुना तराजू, उखळ, पांढऱ्या डागासारखी हललेली कोंबडी, आणि बंद दारावर त्याच्याच कचेरीचा कागद. दाराशेजारी एक म्हातारी.

"ही कोण?" साहेबानं विचारलं.

"अर्जदाराची बायको," टिपणीस म्हणाले. "नोटीस लावली तेव्हा हीच एक घरात होती, हुजूर."

"मग हिला सांगितलं नाही काय?"

नोटीस लावणारा कारकून आपल्या पायांकडं बघत होता. दाराशी उभी असलेली ठमाबाई धवल्याला लागतो तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "दाराला सांगितला, सायेब. दारान मना सांगितला नाय."

साहेबानं वर पाहिलं. फोटोग्राफमधली बाई आणि दारातली बाई, एकदा ही एकदा ती. मग त्यानं टाक उचलला, अर्जावर दोन ओळी लिहिल्या आणि नाव यादीतून कमी केल्याचं सांगितलं. नाथा तिथूनच कोपरच्या वाटेला लागला, जोडा हातात घेऊन पळत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरात आली. अंगणात वाजंत्री, हळदीचा वास, सगळं गाव. शालू दाराशी आली आणि थांबली. तांदळाचं माप उंबरठ्यावर ठेवलेलं होतं, पण पोरीची नजर दारावर होती. दोन्ही फळ्यांवर कागदाच्या जागी लाकूड स्वच्छ, चौकोनी दिसत होतं. तिनं ऐकलं होतं सगळं. पाऊल उचलेना.

धवला गाता गाता ठमाबाई थांबली. वाजंत्री थांबली. इतक्या वर्षांत धवला मधे तुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिनं शालूचा हात धरला आणि तो त्या चौकोनावर ठेवला.

"घाबरू नको," ती म्हणाली. "हिथं कागद होता, तो निघाला. पन ऐक. परत कुनी कागद घेऊन आला, नि घरान बापई नसला, तं दार लावू देव नको. दोन्ही फळ्या उघऱ्या ठेव आनी हात पुरं कर. बोल, मी हाय. ते बोलतील, तुझ्या हातान चालत नाय. तरी हात मागं घ्यायचा नाय. त्यांना दारच पायजे असंल तं लावून जाऊ दे, पन तुझ्या तोंडावं दार लावून नाय. समजला?"

शालूनं मान हलवली. मग तिनं उजव्या पायानं माप लवंडलं, तांदूळ आत पसरले आणि ती पुढच्या दारानं घरात आली.

धैर्यवानांनी पाठवलेले ते दोन फोटोग्राफ पुढं कितीतरी वर्षं देव्हाऱ्याशेजारी टांगलेले होते. पाहुणे आले की ठमाबाई त्यांना नोटिशीचा फोटोग्राफ दाखवायची. इंग्रजी तिला फक्त एक शब्द वाचता यायचा. त्यावर बोट ठेवून ती म्हणायची, "ह्यो बघा. ह्याला दार बोलतात." आणि मग बोट दुसऱ्या चित्रातल्या दाराशेजारच्या बाईवर ठेवायची. "आनी ही बाजूला उभी हाय ना, ती मी."